फ्रोझन ट्रान्सफरमधलं प्रोजेस्टेरॉन: पहिल्या कॅप्सूलपासून बंद होईपर्यंत

गोठवून ठेवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची, म्हणजे फ्रोझन ट्रान्सफरची, आमची प्रक्रिया जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात झाली. प्रत्यक्ष ट्रान्सफर काही मिनिटांत आटोपतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मात्र त्याच्या पाच दिवस आधी सुरू होतं आणि गर्भ राहिला तर तिसरा महिना संपत येईपर्यंत चालतं. सगळ्यात लांबणारा भाग हाच, आणि सगळ्यात कमी समजावून सांगितला जाणाराही हाच. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाककडून आलेल्या बायका दवाखान्याच्या बाकावर एकमेकींच्या चिठ्ठ्या बघत बसतात. तुला कॅप्सूल, मग मला इंजेक्शन का? तिचं दोन महिन्यांत बंद झालं, माझं अजून का चालू? मी फार्मसी शिकलेली आहे आणि खानापूर तालुक्यात मेडिकल चालवते, त्यामुळे हे प्रश्न काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहेत. खाली दिलेले डोस आमच्या चिठ्ठीवरचे आहेत. तुमचे वेगळे असतील, आणि ते वेगळे का असतात हेच मुख्यतः सांगायचं आहे.

आधी शरीर स्वतःहून काय करतं ते पाहू. पाळीच्या मध्यावर बीजकोशातून बीज सुटतं. ज्या पुटकुळीतून ते सुटलं तिचाच पुढे पिवळसर गोळा बनतो, त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो. आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड केलेलं असतं, पण जाड अस्तर म्हणजे तयार अस्तर नव्हे. प्रोजेस्टेरॉन पोचल्यावर त्यातल्या ग्रंथी स्रवू लागतात, पेशी बदलतात, आणि काही दिवसांनी थोडाच काळ असा येतो की भ्रूण तिथे रुजू शकतो. रानात वाफसा यावा तसा हा काळ असतो, त्याच्या आधी पेरून उपयोग नाही आणि तो गेल्यावरही नाही. शिवाय प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या स्नायूंचं आकुंचन शांत ठेवतं. गर्भ राहिला की त्याच्यातून निघणारं एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला जिवंत ठेवतं, आणि पुढे वार तयार झाली की ती स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. हा ताबा साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात वारेकडे जातो. आर्पाद चापो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासांतून हे कळलं. पीतपिंड सातव्या आठवड्याआधी काढला तर गर्भपात होत होता, नवव्यानंतर काढला तर गर्भ टिकत होता.

आमच्या पद्धतीत बीज सुटूच दिलं नव्हतं. बाहेरून इस्ट्रोजेन देऊन अस्तर वाढवायचं आणि मग बाहेरूनच प्रोजेस्टेरॉन द्यायचं, अशी ती पद्धत. बीज सुटलं नाही म्हणजे पीतपिंड नाही, आणि पीतपिंड नाही म्हणजे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास शून्य. अशा बाईला प्रोजेस्टेरॉन "आधार म्हणून" देत नाहीत. तिच्या गर्भाशयाला मिळणारं सगळं प्रोजेस्टेरॉन औषधातूनच येतं. बाकावरच्या बहुतेक शंकांचं उत्तर इथे आहे.

आमच्या वहिनींचं उदाहरण घेतलं की फरक लगेच कळतो. त्यांचं ताजं ट्रान्सफर होतं, म्हणजे बीजं काढली आणि त्याच पाळीत भ्रूण सोडला. त्यांच्या बीजकोशात एक सोडून कितीतरी पीतपिंड होते. पण इतक्या पुटकुळ्या एकदम वाढल्या की रक्तातली संप्रेरकं फार चढतात, मेंदूकडून येणारं, पीतपिंड चालू ठेवणारं एलएच दबतं, आणि पीतपिंड वेळेआधीच थकतात. ती कमतरता भरून काढायला त्यांना प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणाऱ्या डायड्रोजेस्टेरॉनची १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा होती. ताज्या ट्रान्सफरमध्ये ही तोंडाने घ्यायची गोळी योनीमार्गातल्या कॅप्सूलपेक्षा कमी पडत नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोटस नावाच्या चाचणीत दिसलं. म्हणून वहिनींची चिठ्ठी त्यांच्यासाठी बरोबर आणि आमची आमच्यासाठी. एकीच्या गोळ्या दुसरीने घेऊन भागत नाही.

आता तारखांनी. पाळी ३ जानेवारीला आली. ४ तारखेपासून इस्ट्राडायोलची, म्हणजे इस्ट्रोजेनचीच, २ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. १६ तारखेला, संक्रांतीच्या दोन दिवसांनी, सोनोग्राफी झाली. अस्तर ८.४ मिलिमीटर. बहुतेक ठिकाणी ७ च्या वर असलं की पुढे जातात. त्याच दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉनही तपासलं आणि ते १ नॅनोग्रॅमच्या खाली होतं. ही तपासणी कुणी सांगितली नाही तर विचारून करून घ्यावी. ते दीड-दोनच्या वर निघालं तर बीज चोरून सुटलेलं असू शकतं, म्हणजे अस्तराचं घड्याळ आधीच चालू झालेलं असतं आणि आपण मोजलेले दिवस चुकीचे ठरतात. अशा वेळी ती पाळी सोडून द्यावी लागते. वाईट वाटतं, पण भ्रूण वाया जात नाही.

कागदपत्रंही याच दिवशी उरकली. २०२१ च्या एआरटी कायद्यामुळे गोठवलेला भ्रूण वितळवण्यासाठी नवराबायको दोघांची लेखी संमती लागते. दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला आणि आधीच्या फाईलची प्रत बरोबर ठेवा, आणि आधारवरचं नाव फाईलवरच्या नावाशी जुळतं का ते घरीच बघून घ्या. आमच्याकडे माहेरचं नाव आणि सासरचं नाव यात अडकलेल्या बऱ्याच असतात. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात, समजले नाहीत तर सही करण्याआधी सिस्टरला मराठीत वाचून दाखवायला सांगा. बेळगावच्या दवाखान्यात मराठी बोलणारं कुणीतरी सापडतंच. येण्याजाण्याचं म्हणाल तर कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट लागत नाही. निपाणीकडच्या बायका कोल्हापूरला जातात, तिकडच्या आंतरराज्य गाडीला मात्र ही सवलत धरू नका.

१८ जानेवारीला सकाळी पहिली कॅप्सूल. प्रोजेस्टेरॉन ४०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, योनीमार्गातून. पाचव्या दिवसापर्यंत वाढवून गोठवलेला भ्रूण, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, तो प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात. १८ हा पहिला दिवस, म्हणून ट्रान्सफर २३ तारखेला. या हिशेबात अर्ध्या दिवसाचाही घोळ होऊ नये, म्हणून चिठ्ठीवर "सुरू" असं मोघम लिहून न घेता तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्यावी. औषध मेडिकलमध्ये मिळालं नाही आणि दुसऱ्या दिवशी सुरू केलं, तर ते दवाखान्याला लगेच कळवायचं, म्हणजे ट्रान्सफरही एक दिवस पुढे ढकलतात. न सांगता गप्प बसलं तर भ्रूण सहा दिवसांच्या अस्तराऐवजी पाच दिवसांच्या अस्तरावर पडतो, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी दिसते, त्याचं वय दिसत नाही. खेड्यात राहणाऱ्यांनी म्हणून औषध आधीच आणून ठेवावं. आमच्याकडच्या लहान मेडिकलमध्ये ४०० ची कॅप्सूल एक-दोन पट्ट्यांपेक्षा जास्त नसते, आणि रविवारी बेळगावहून माल येत नाही.

कॅप्सूल कशी ठेवायची हे कुणी नीट सांगत नाही, लाजेमुळे विचारतही नाहीत. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर झोपून गुडघे दुमडा आणि बोटाने जितकी आत सहज जाते तितकी सारा. वीसेक मिनिटं पडून राहिलं की पुरे. संध्याकाळची झोपताना ठेवली तर सोयीची पडते. नंतर पांढरट, मेणासारखा स्राव बाहेर येतो. औषध वाहून गेलं असं वाटून बायका घाबरतात. तो कॅप्सूलमधला तेलकट भाग असतो, औषध तोवर शोषलं गेलेलं असतं. पातळ पॅड वापरा, आतून धुऊ नका. चुकून एक वेळ राहिली तर आठवल्याबरोबर ठेवा, पण पुढच्या वेळी दोन ठेवू नका. बऱ्याच कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा आणि खोक्यावरचा मजकूर वाचा. हीच कॅप्सूल काहींना तोंडाने घ्यायलाही देतात. तेव्हा ती यकृतातून जाते, बरंचसं औषध तिथेच मोडतं आणि गुंगी येते. चिठ्ठीवर कुठला मार्ग लिहिलाय ते पाहिल्याशिवाय गिळू नका.

२२ तारखेला, ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी, पुन्हा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं. ७.६ आलं. आता हा आकडा कसा वाचायचा? योनीमार्गातून दिलेलं औषध आधी गर्भाशयाला मिळतं आणि मग रक्तात जातं, म्हणून रक्तातला आकडा कमी दिसला तरी गर्भाशय उपाशी असेलच असं नाही. हे खरं आहे. पण तेवढ्यावर निर्धास्तही राहता येत नाही. आमच्यासारख्या कृत्रिम पाळीत ट्रान्सफरच्या दिवशी ९.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रोजेस्टेरॉन असलेल्या बायकांत टिकणारे गर्भ कमी दिसले, असा स्पेनमधला २०१७ चा अभ्यास आहे. सगळे डॉक्टर हीच रेषा धरत नाहीत, काही १० धरतात आणि काही तपासतच नाहीत. माझं मत विचाराल तर कृत्रिम पाळीत तपासावं, कारण कमी निघालं तर त्यावर उपाय आहे आणि तो त्याच संध्याकाळी करता येतो.

ही तपासणी करताना दोन गोष्टी सांभाळा. शेवटची कॅप्सूल किती वाजता ठेवली आणि रक्त किती वाजता दिलं ते लिहून ठेवा, कारण औषधानंतरच्या तासांप्रमाणे आकडा खालीवर होतो. पुढच्या तपासणीत तीच वेळ धरली तरच तुलना करता येते. दुसरं म्हणजे डायड्रोजेस्टेरॉन या तपासणीत दिसत नाही. ती गोळी चालू असलेल्या बाईने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं, कमी आलं आणि घरात रडारड झाली, असं काउंटरवर पाहिलंय. तो आकडा त्या गोळीबद्दल काहीच सांगत नाही.

आमचा उपाय इंजेक्शनचा होता. तेलातलं प्रोजेस्टेरॉन ५० मिलिग्रॅम स्नायूत, २२ च्या संध्याकाळपासून दर तिसऱ्या दिवशी, आणि कॅप्सूल तशाच चालू. याला आधार आहे. अमेरिकेत गोठवलेल्या ब्लास्टोसिस्टसाठी झालेल्या एका मोठ्या चाचणीत फक्त योनीमार्गातलं औषध घेणारा गट मधल्या तपासणीनंतर, २०१८ मध्ये, थांबवावा लागला, कारण त्या गटात गर्भपात जास्त होत होते. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन जोडलेला गट मात्र रोज इंजेक्शन घेणाऱ्या गटाच्या बरोबरीने चालला. रोज टोचून घेण्याची भीती असणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलून बघण्यासारखं आहे.

इंजेक्शन आणताना खोकं नीट वाचा, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे "प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन" म्हटलं की कधीकधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हातात येतं. नाव अर्धं सारखं, पण ते वेगळं औषध. ते आठवड्यातून एकदा देतात आणि ते वेळेआधीची प्रसूती टाळण्यासाठी वापरात होतं. त्याचा उपयोग सिद्ध होत नाही म्हणून अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. ट्रान्सफरच्या वेळचं प्रोजेस्टेरॉन त्याने भरून निघत नाही. खोक्यावर नुसतं "प्रोजेस्टेरॉन" आणि ५० किंवा १०० मिलिग्रॅम असं हवं. मेडिकलवाल्याने "हेच चालतं, सगळे नेतात" म्हटलं तरी डॉक्टरांना खोक्याचा फोटो पाठवल्याशिवाय घेऊ नका.

तेलाचं इंजेक्शन घट्ट असतं. देण्याआधी कुपी दोन-तीन मिनिटं मुठीत धरून कोमट करावी, म्हणजे ते सहज आत जातं. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, सावकाश, आणि आलटूनपालटून एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. नंतर जागा चोळून गरम कपड्याने शेकावी. थोडी गाठ आणि दुखणं नेहमीचं. पण जागा लाल होऊन तापली, ठणकू लागली किंवा ताप आला तर पू झाला असू शकतो, तेव्हा घरी शेकत बसू नये. गावातल्या सिस्टरकडून घ्यायचं असेल तर चिठ्ठी आणि कुपी दोन्ही न्या. चिठ्ठीशिवाय त्या देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

२३ जानेवारीला ट्रान्सफर झालं. लघवी धरून ठेवायची, बारीक नळी, पडद्यावर एक पांढरा ठिपका. घरी येऊन पडून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. सासूबाईंना हे पटवायला जड गेलं, शेवटी डॉक्टरबाईंनीच त्यांना फोनवर सांगितलं. पुढचे दिवस मनाला खातात, आणि त्यात प्रोजेस्टेरॉन भर घालतं. छाती दुखणं, पोट फुगणं, मलावरोध, झोप, रडू येणं हे सगळं त्याने होतं. म्हणजे गर्भ राहिल्याची म्हणून जी लक्षणं आपण शोधतो ती औषधाचीच असू शकतात, आणि लक्षणं नसली तरी त्याचा अर्थ काही निघत नाही. उलटही तितकंच महत्त्वाचं. औषध चालू असताना पाळी लांबते. पाळी आली नाही म्हणून गर्भ राहिला असं धरू नका, आणि थोडं रक्त दिसलं म्हणून सगळं संपलं असं ठरवून औषध बंद करू नका. रक्ताच्या तपासणीशिवाय दोन्ही कळत नाहीत.

३ फेब्रुवारीला गर्भ राहिला का ते बघायला रक्तातलं बीटा एचसीजी तपासलं, ३१२ आलं. ५ तारखेला त्याच लॅबमध्ये पुन्हा, ७०१. या टप्प्यावर दोन दिवसांत निदान दीडपट व्हायला हवं, दुप्पटीच्या वर असलं तर चांगलंच. एका आकड्यापेक्षा वाढ बघायची, आणि ती एकाच लॅबमध्ये. ताज्या ट्रान्सफरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यांना बीज पिकवायला एचसीजीचं इंजेक्शन दिलेलं असतं तेव्हा घाईने घरी तपासलं तर त्याचीच दुसरी रेघ उमटते. निकाल नकारात्मक आला तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत औषध चालू ठेवायचं. बंद केलं की काही दिवसांत पाळी येते.

खर्चाचं थोडक्यात. आमच्या बिलांप्रमाणे कॅप्सूलचे दिवसाला सव्वाशेच्या आसपास, इंजेक्शनचे दर वेळी सिस्टरचे धरून अडीचशेच्या घरात, आणि बीटा किंवा प्रोजेस्टेरॉनची प्रत्येक तपासणी सातशे-आठशे. बीटाचा निकाल येईपर्यंत सगळी औषधं घाऊक घेऊन ठेवू नका. बंद करायची वेळ आली तर उरलेली परत घेतीलच असं नाही. आठवडाभराची जास्तीची असली की पुरे. कॅप्सूलला फ्रीज लागत नाही, पण बसच्या खिडकीपाशी उन्हात ठेवलेल्या पिशवीत ती मऊ पडून एकमेकींना चिकटतात.

१३ फेब्रुवारीला तपकिरी डाग दिसला. त्या रात्री झोप लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्या कॅप्सूलांनीच उष्णता झाली असणार, दोन दिवस बंद ठेव की ग." हा सल्ला मायेचा असतो, आणि पीतपिंड नसलेल्या बाईच्या बाबतीत तोच सगळ्यात धोक्याचा. पाच-सहा आठवड्यांत वारेने अजून काम हाती घेतलेलं नसतं. तेव्हा दोन दिवस औषध बंद म्हणजे दोन दिवस प्रोजेस्टेरॉनच नाही. डाग कॅप्सूल ठेवताना गर्भाशयाच्या मुखाला धक्का लागूनही येतो. डॉक्टरबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की औषध तसंच चालू ठेवा, आणि तासाभरात पॅड भिजत असेल, एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल तर वाट न बघता निघून या. एका बाजूचं दुखणं गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत रुजल्याची खूण असू शकते. आयव्हीएफनंतरही नळीत गर्भ राहतो, आणि प्रोजेस्टेरॉन चालू असलं तरी ते कळत नाही आणि टळतही नाही. रक्त जास्त जात असेल तर योनीमार्गातली कॅप्सूल नीट शोषली जाईलच असं नाही, म्हणून काही दिवस इंजेक्शन किंवा तोंडाच्या गोळीवर नेतात. तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

इथे थोडं बाजूला जाऊन सांगते, कारण डाग दिसला की गावातल्या बायका थेट मेडिकलमध्ये येतात. गर्भ आपोआप राहिलेला, कुठलाही उपचार नाही, आणि "ताई, गर्भ टिकायच्या गोळ्या द्या." अशा बाईला पीतपिंड असतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमधल्या प्रिझम चाचणीत शोधलं गेलं, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त गेलेल्या चार हजारांवर बायका, निम्म्यांना ४०० मिलिग्रॅम दोनदा प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच कॅप्सूल. सगळ्या मिळून पाहिलं तर ७५ टक्के आणि ७२ टक्के बाळं, म्हणजे ठाम म्हणावा असा फरक नाही. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत ७२ आणि ५७ असा फरक दिसला. त्यावरून ब्रिटनच्या नियमावलीत २०२१ पासून असं आहे की आधी गर्भपात झालेला आहे, आता रक्त जातंय आणि सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे, अशा बाईला प्रोजेस्टेरॉन द्यावं, आणि हृदयाचे ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं. रक्त जात नाही आणि आधी काही झालेलं नाही, अशा बाईने चिठ्ठीशिवाय घ्यायचं हे औषध नव्हे. आणि आपोआप राहिलेल्या गर्भात एकदा तपासलेल्या प्रोजेस्टेरॉनवरून काही ठरवू नये. पीतपिंड ते ठोक्याठोक्याने सोडतो, त्यामुळे आकडा तासातासाला बदलतो. गर्भाची वाढ आधीच थांबलेली असेल तर त्यामुळेही प्रोजेस्टेरॉन घसरतं. तेव्हा बाहेरून कितीही दिलं तरी तो गर्भ परत येत नाही, आणि त्यात त्या बाईची काही चूक नसते.

१९ फेब्रुवारीची सोनोग्राफी, सहा आठवडे चार दिवस, पिशवी गर्भाशयात आणि हृदयाचे ठोके. डाग तोवर थांबला होता. गर्भ राहिल्यावरच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, लिंग जाणून घ्यायचं नाही या मजकुरावर सही असते. आठवडे मोजायची रीत इथे कळायला हवी. पाच दिवसांचा भ्रूण सोडला तर ट्रान्सफरचा दिवस म्हणजे दोन आठवडे पाच दिवस. त्या तारखेतून १९ दिवस वजा केले की पाळीची हिशेबाची तारीख मिळते. आमची ४ जानेवारी आली, म्हणजे खऱ्या पाळीपेक्षा एकच दिवस पुढे, आणि प्रसूतीची तारीख ११ ऑक्टोबर. पण अस्तर वाढायला वेळ लागून इस्ट्रोजेन आठवडाभर जास्त चाललेलं असेल तर खऱ्या पाळीवरून मोजलेला गर्भ आठवड्याने मोठा धरला जातो. मग "वाढ कमी आहे" असा शेरा येतो आणि घरचे हादरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तायी कार्ड काढताना आशाताई शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, तिथे ही हिशेबाची तारीख सांगा आणि ट्रान्सफरचा कागद दाखवा.

आठ आठवडे भरले तेव्हा, मार्चच्या सुरुवातीला, पुन्हा ठोके पाहून इंजेक्शन थांबवलं. दहा आठवडे १५ मार्चला झाले, तेव्हापासून इस्ट्राडायोल कमी करत बंद केलं. कॅप्सूल बारा आठवड्यांपर्यंत, म्हणजे २९ मार्चपर्यंत. वारेने ताबा घेतलेला असतो सात ते नऊ आठवड्यांत, मग बारापर्यंत का? सगळ्यांच्या वारा एकाच दिवशी काम सुरू करत नाहीत, म्हणून पदरी दोन-तीन आठवडे जास्त ठेवतात. काही डॉक्टर दहालाच थांबवतात, तेही चुकीचं नाही. वहिनींचं त्याहून आधी बंद झालं कारण त्यांचे स्वतःचे पीतपिंड होते.

बंद करताना डोस हळूहळू कमी करायलाच हवा असं नाही. आम्हाला आठवडाभर एकच कॅप्सूल रात्रीची, मग बंद, असं सांगितलं होतं. ते मनाच्या समाधानासाठी जास्त असतं, आणि त्यात वाईट काही नाही, कारण इतके दिवस ज्यावर सगळं उभं आहे असं ऐकलं ते एका रात्रीत सोडणं अवघड जातं. बंद केल्यावर दोन-तीन दिवस पांढरा स्राव राहतो, मग थांबतो. पाळीसारखा रक्तस्राव व्हायला नको, कारण प्रोजेस्टेरॉन आता वारेतून येतंय. झालाच तर औषध परत स्वतःहून सुरू न करता सोनोग्राफी करून घ्यायची. छातीचं दुखणं कमी झालं म्हणूनही घाबरू नका, ते औषधाचं होतं. बंद केल्यावर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासायची गरज नाही. उरलेल्या कॅप्सूल कुणाला देऊ नका, आणि इंजेक्शनच्या सुया घरच्या कचऱ्यात न टाकता सिस्टरकडे नेऊन द्या.